सतरा विद्यार्थ्यांवरून अकरावर: शिकवणी सांभाळून स्वतःची परीक्षा, एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका पदवीधर तरुणीचं आहे. ती स्पर्धा परीक्षेची तयारी करते आणि खर्चासाठी घरी शिकवण्या घेते. मुलं तिला ताई म्हणतात, म्हणून इथेही ताईच म्हणू. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. तिच्या परीक्षेचे टप्पे दोन: आधी वस्तुनिष्ठ प्रश्नांची पूर्व परीक्षा, मग लेखी मुख्य परीक्षा. पहिल्या प्रयत्नात ती पूर्व परीक्षेतच थोडक्या गुणांनी मागे राहिली. दुसऱ्या प्रयत्नाला तेव्हा सुमारे आठ महिने होते आणि शाळांचं वर्ष संपत आलं होतं.

त्या वेळी तिच्याकडे सतरा विद्यार्थी होते. सहावी-सातवीचे मिळून पाच, आठवीचे चार, नववीचे तीन, दहावीचे तीन, आणि दोन मुलांना ती त्यांच्या घरी जाऊन शिकवायची. चार बॅचेस आणि दोन घरं. सगळं आठवड्याचे सहा दिवस पसरलेलं.

पैशांचा हिशोब इथे रकमेत न मांडता ‘फी’ या मापात मांडला आहे. बॅचमधल्या एका मुलाची महिन्याची फी म्हणजे एक. घरी जाऊन शिकवण्याचे तिला प्रत्येकी अडीच मिळत. म्हणजे महिन्याला वीस. तिचा स्वतःचा खर्च, सराव परीक्षांचं शुल्क आणि घरात द्यायचा वाटा धरून तिला अकरा लागत. शिल्लक इतकी होती की एकही शिकवणी नसली तरी तीन महिने निघाले असते.

अडचण नेमकी कुठे होती

पहिला प्रयत्न हुकल्यावर ताईचं म्हणणं असं होतं की रोज चारच तास शिकवते, म्हणजे अभ्यासाला वेळ भरपूर होता, तरी झाला नाही. दोष ती स्वतःच्या चिकाटीला देत होती. मोठ्या भावाने सुचवलं म्हणून तिने दोन आठवडे एका वहीत अर्ध्या अर्ध्या तासाची नोंद ठेवली. नियम एकच होता: जे केलं ते लगेच लिहायचं, रात्री आठवून लिहायचं नाही.

त्या वहीतून आठवड्याचं जे चित्र निघालं ते असं. प्रत्यक्ष शिकवणं चोवीस तास, म्हणजे रोजचे चार, हे बरोबर होतं. पण दोन घरी जाण्यायेण्यात चार तास जात होते. उद्या काय शिकवायचं याच्या तयारीत साडेचार, वह्या आणि चाचण्या तपासण्यात तीन, पालकांचे फोन आणि मुलांनी पाठवलेल्या गणितांच्या फोटोंना उत्तरं देण्यात अडीच. शिवाय दोन बॅचेसमध्ये पडणारी अर्ध्या तासाची फट होती. त्या फटीत ना अभ्यास होतो ना विश्रांती. त्या फटींचे मिळून तीन तास. एकूण एक्केचाळीस.

अभ्यासाचं ठरवलेलं माप आठवड्याला पस्तीस तास होतं, होत होते एकोणीस. आणि त्या एकोणीसपैकी अकरा रात्री साडेनऊनंतरचे. ही गोष्ट तासांच्या आकड्याहून जास्त महत्त्वाची ठरली. रात्रीच्या त्या तासांत तिने काय केलं हे वहीपेक्षा पुस्तकांवरूनच कळत होतं: पानंच्या पानं रंगीत पेनने अधोरेखित, पण समोरच्या कोऱ्या कागदावर सोडवलेला एकही प्रश्न नाही. दिवसभर बोलून थकलेल्या डोक्याला वाचता येतं. आठवून लिहिणं आणि चुकणं त्याला नको असतं. परीक्षेआधीच्या दोन महिन्यांत आठ सराव पेपर ठरवले होते. सोडवले तीन, आणि बसून तपासला एकच. तासभर कमी पडला म्हणून नव्हे, तर ताज्या डोक्याचे तास दुसऱ्यांच्या गणितांत गेले म्हणून निकाल हुकला होता.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय शिकवण्या पूर्ण बंद करण्याचा. शिल्लक तीन महिन्यांची, परीक्षा आठ महिन्यांवर. शेवटचे पाच महिने पैशांच्या विवंचनेत अभ्यास होणार नाही हे तिला ठाऊक होतं. हा पर्याय लवकर मागे पडला.

दुसरा पर्याय घरच्यांना पटणारा होता: बॅचेस सोडायच्या आणि जास्त पैसे देणारी दोन घरं ठेवून तशीच आणखी दोन-तीन मिळवायची. वरवर पाहता हे शहाणपणाचं दिसतं, कारण माणसं कमी आणि फी अडीचपट. पण इथे तिने वहीतले तास प्रत्येक गटावर वाटले आणि एका फीमागे आठवड्याला किती तास जातात ते काढलं. सहावी-सातवीला साडेपाच तासांत पाच फी, म्हणजे एका फीमागे तासाहून थोडं जास्त. आठवीला दीड तास. नववीला दोन तासांच्या वर. दोन घरांना प्रवास धरून साडेदहा तास आणि पाच फी, म्हणजे तिथेही दोन तासांच्या वरच. आणि दहावीला तीन तासांहून जास्त, कारण तीनच मुलं, दीड दीड तासाचे वर्ग आणि तपासायचं काम सगळ्यांत अधिक.

शिकवण्यांबाबत बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. वेळ मुलांच्या संख्येने खाल्ला जात नाही, इयत्तांच्या संख्येने खाल्ला जातो. चार मुलांच्या वर्गात दोन मुलं वाढली तर तयारी तेवढीच राहते. एक नवी इयत्ता घेतली, मग तिच्यात एकच मुलगा का असेना, तयारी, चाचणी आणि वेळापत्रक सगळं नव्याने उभं करावं लागतं.

तिसरा पर्याय मुलं तीच ठेवून फक्त वेळ आखण्याचा होता. पण चार बॅचेस संध्याकाळी बसतच नाहीत. एक तरी सकाळी किंवा दुपारी जाते, आणि सकाळ तर तिला हवी होती.

चौथा पर्याय तिने घेतला: दोनच बॅचेस, सलग, ठरलेल्या वेळी, आणि प्रत्येकीत जास्तीत जास्त सहा मुलं.

सहाच का

हा आकडा मनात येईल तसा घेतलेला नव्हता. वर्ग सव्वा तासाचा. त्यातली पस्तीस-चाळीस मिनिटं शिकवण्यात आणि शंकांत जातात. उरलेल्या वेळात मुलं गणितं सोडवत असताना ताई एकेकाची वही बघते. एका वहीला नीट पाच मिनिटं लागतात, म्हणजे सहा वह्यांना अर्धा तास. सातवा मुलगा आला की एक वही राहते, ती घरी तपासायला ठेवली जाते, आणि ‘घरी तपासू’ हे काम एकदा सुरू झालं की एका वहीवर थांबत नाही. मर्यादा वर्गात तपासता येतील तेवढ्या वह्यांची होती. भाषा शिकवणाऱ्याला ती बहुधा चारवर येईल, कारण निबंध पाच मिनिटांत तपासून होत नाही. ज्याला स्वतःचा आकडा काढायचा आहे त्याने एक वही घड्याळ लावून तपासावी आणि तिथून मागे यावं.

दोन बॅचेसची बारा मुलं, गरज अकरा फींची. एक मूल मध्येच गेलं तरी घबराट होऊ नये एवढीच जागा त्यात होती.

काय केलं

शाळेचं वर्ष संपायला दीड महिना असताना तिने सुरुवात केली. दहावीची मुलं परीक्षेनंतर आपोआप मोकळी होणार होती. त्यांना वर्षाच्या मध्यात सोडण्याचा विचार तिने केला नाही, आणि ते बरोबरच होतं. ज्या मुलांची परीक्षा तोंडावर आहे त्यांच्या जबाबदारीतून असं बाजूला होता येत नाही. नववीची तीन मुलं दहावीत जाणार होती. त्यांच्या पालकांना तिने समोर बसवून सांगितलं की पुढच्या वर्षी दहावी घेणार नाही. दुसऱ्या दोन शिक्षकांची नावं दिली आणि प्रत्येक मुलासाठी एक पान लिहून दिलं: कोणते धडे पक्के आहेत, कुठे अडतो, कोणती चूक परत परत करतो. एका मुलाच्या पानावर ‘समीकरणात पद दुसऱ्या बाजूला नेताना चिन्ह बदलायला विसरतो, बाकी मांडणी बरोबर’ इतकं नेमकं लिहिलं होतं. पालक नाराज झाले, पण संबंध तुटले नाहीत. दोन घरच्या शिकवण्याही त्याच वेळी थांबवल्या.

उरली नऊ मुलं. त्यांपैकी आठवीतून नववीत जाणारा एक गेला. राहिली आठ.

वेळ ठरवताना तिने आधी स्वतःचा अभ्यास कागदावर मांडला आणि मग उरलेल्या जागेत वर्ग बसवले. पूर्वी नेमकं उलट होत असे. सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि साडेदहा ते एक हे अभ्यासाचे, सहा दिवस. वर्ग सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार. पहिला पावणेपाच ते सहा, दुसरा सहा ते सव्वासात, मध्ये फट नाही. बुधवारी, खऱ्या परीक्षेची जी वेळ तीच धरून, सराव पेपर. शनिवारी त्या पेपरची चिरफाड. सगळ्या वर्गांची तयारी रविवारी एका बैठकीत. पालकांचे फोन शनिवारी संध्याकाळी सहा ते सात.

मग पालकांना तिने हा संदेश पाठवला:

‘नमस्कार. पुढच्या वर्षी वर्ग सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार याच दिवशी, दिलेल्या वेळेत होतील. एका वर्गात सहाच मुलं असतील. मूल गैरहजर राहिलं तर वेगळा वर्ग होणार नाही, राहिलेला भाग पुढच्या वर्गाच्या आधी वीस मिनिटं बसवून घेईन. फोन कृपया शनिवारी ६ ते ७ या वेळात करावा. माझी स्वतःची परीक्षा आहे, त्याआधी तीन आठवडे वर्ग बंद राहतील. त्या महिन्याची फी निम्मी घेईन आणि तेवढा भाग आधी पूर्ण करेन. हे जमणार असेल तर कळवा.’

यातलं सर्वांत कामाचं वाक्य तीन आठवड्यांच्या सुटीचं होतं. आधी सांगितलेली सुटी पालक धरून चालतात. तीच ऐनवेळी मागितली तर ती अडवणूक वाटते.

पहिले दोन महिने दहा मुलं होती, तिसऱ्या महिन्यात अकरा झाली. कमी पडलेल्या दोन फी आणि परीक्षेच्या महिन्यातल्या साडेपाच तिने शिल्लकीतून काढल्या.

रात्रीचे फोटो

दिवसा आखलेलं वेळापत्रक रात्री दहा वाजता फोनवर मोडत होतं. मुलं अडलेल्या गणिताचा फोटो पाठवायची आणि ‘ताई, हे कसं करायचं?’ एवढंच लिहायची. उत्तर द्यायला पाच मिनिटं, पण ते गणित डोक्यातून जायला अर्धा तास.

तिने फोन बंद ठेवला नाही. प्रत्येकाला वहीची शेवटची दहा पानं शंकांसाठी राखायला सांगितली. अडलं की त्या पानावर गणित उतरवायचं, जमेल तिथपर्यंत सोडवायचं आणि अडलं त्या ओळीखाली रेघ मारायची. पान दुमडून ठेवायचं. वर्गाची पहिली दहा मिनिटं दुमडलेल्या पानांची. पहिल्या आठवड्यात मुलं कुरकुरली. पुढे असं दिसलं की रेघेपर्यंत पोचता पोचता बरीच गणितं सुटून जातात, आणि जी राहतात त्यांत नेमकं काय समजलं नाही ते एका नजरेत कळतं. फोटोत ते कधीच कळत नव्हतं.

कुठे बिघडलं

चौथ्या महिन्यात नववीतली एक मुलगी आठ दिवस आजारी होती. तिची आई म्हणाली, ‘फक्त एक दिवस बघा ना, बुधवारी तुम्हाला वर्ग नसतोच.’ ताईने हो म्हटलं. पुढच्या बुधवारी ती मुलगी मैत्रिणीला घेऊन आली, कारण तिलाही तोच धडा कळला नव्हता. तिसऱ्या बुधवारी चार मुलं बसलेली होती. तीन सराव पेपर गेले.

इथे ताईच्या मनात जी गफलत झाली ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. तासाभराचा वर्ग संध्याकाळी होता आणि पेपर सकाळीच आटपणार होता, म्हणजे दोन्ही जमायला हवं होतं. जमलं नाही, कारण वर्गाची तयारी रविवारीच झाली होती आणि या जादा तासाची तयारी बुधवारी सकाळीच करावी लागली. पेपर ‘उद्या’वर गेला, आणि गुरुवारी नेहमीचे वर्ग होते. वर्ग नसलेला दिवस पालकांना मोकळा दिसतो आणि शिक्षकालाही. त्यावर उपाय म्हणून तिने दोन गोष्टी केल्या. संदेशातला वीस मिनिटांचा नियम, जो तिने स्वतःच वापरला नव्हता, तो त्या चारही मुलांना लावला: दोन दिवस वर्गाच्या वीस मिनिटं आधी या. आणि बुधवारी पेपर घरी न सोडवता वाचनालयात जाऊन सोडवायला लागली. घरी नसलेल्या माणसाला नाही म्हणावं लागत नाही.

दुसरी अडचण सातवी-आठवीच्या एकत्र वर्गाची होती आणि ती शेवटपर्यंत सुटली नाही. सव्वा तासात दोन इयत्तांना अर्धा अर्धा वेळ मिळत होता, रविवारची तयारी दीड तासाऐवजी अडीच तास चालत होती. सहा मुलांचा नियम पाळला, पण एका वर्गात एकच इयत्ता हा त्याहून मोलाचा नियम सोडला.

तिसरी गोष्ट आधीच दिसत होती. शाळेची सहामाही परीक्षा ताईच्या पूर्व परीक्षेच्या पाच आठवडे आधी येत होती. पालकांनी रोज वर्ग मागितला. तिने दिवस वाढवले नाहीत, वर्गाचं रूप बदललं: दोन आठवडे नवीन शिकवणं बंद, प्रत्येक वर्गात चाळीस मिनिटांची चाचणी आणि लगेच तिथेच तपासणी. मुलं सोडवत असताना तिला श्वास घ्यायला जागा मिळाली, आणि पालकांना घरी नेलेल्या चाचण्या दिसल्या. मागणी तिथेच थांबली.

निष्पत्ती

सहाव्या महिन्यात तिने पुन्हा दोन आठवडे वही ठेवली. शिकवण्यांचे सगळे मिळून साडेचौदा तास. अभ्यास एकतीस तास, त्यातला बहुतेक दुपारी एकच्या आत. चोवीसपैकी एकवीस बुधवारी पेपर सोडवले गेले, आणि सगळे तपासले गेले. पूर्व परीक्षा ती या वेळी बऱ्यापैकी अंतराने पास झाली. अकरापैकी दहा मुलं वर्षभर टिकली. जो गेला त्याला रोज वर्ग हवा होता.

मुख्य परीक्षेत मात्र ती लेखी टप्प्यावर मागे पडली, आणि त्यात शिकवण्यांच्या आखणीचाही भाग होता.

वेगळं काय करता आलं असतं

पूर्व परीक्षा झाल्यावर वर्ग त्याच दिवशी, त्याच वेळी पुन्हा सुरू झाले. पण वस्तुनिष्ठ प्रश्नांचा सराव आणि तीन तास सलग उत्तरं लिहिण्याचा सराव यांना वेगवेगळा दिवस लागतो. लेखी पेपर सोडवल्यावर हात आणि डोकं दोन्ही जड होतात. त्या संध्याकाळी दोन वर्ग घेतले की पेपर तपासणं दोन दिवस लांबतं आणि तोवर आपण काय विचार करून काय लिहिलं ते आठवत नाही. आठवड्याला एका लेखी पेपरसाठी बुधवार पुरला, पण गरज दोन पेपरांची होती. पूर्व परीक्षेनंतर चार दिवसांचे वर्ग तीन दिवसांवर आणायला हवे होते आणि तेही सुरुवातीच्या संदेशातच लिहायला हवं होतं. निकाल आल्यावर पालकांना दिवस कमी करतेय असं सांगणं तिला जड गेलं, म्हणून सांगितलंच नाही.

एकत्र इयत्तांच्या वर्गाचा निर्णयही वेगळा घेता आला असता. फक्त आठवी आणि नववी ठेवून सातवीची मुलं त्याच वेळी दुसऱ्या शिक्षकाकडे दिली असती तर पहिल्या दोन महिन्यांत आणखी दोन-तीन फी शिल्लकीतून गेल्या असत्या. शिल्लक तेवढी होती. ती पुढच्या पाच महिन्यांसाठी राखून ठेवण्याच्या काळजीत तिने दर आठवड्याचा एक तास घालवला.

तासांची वही वर्षातून दोनदाच ठेवली गेली. बुधवार गळायला लागला तो महिना नेमका त्या दोन नोंदींच्या मध्ये होता. दर दोन महिन्यांनी एक आठवडा जरी नोंद असती तरी पहिलाच हुकलेला पेपर कागदावर दिसला असता.

पुढच्या प्रयत्नासाठी तिने पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्या एका ओळखीच्या मुलीशी बोलून ठेवलं आहे. ताईच्या परीक्षेआधीचे तीन आठवडे वर्ग बंद न ठेवता ती घेईल, त्या काळाची फी तिची. त्यासाठी ती दोन महिने आधीपासून आठवड्यातून एक दिवस वर्गात येऊन बसणार आहे, म्हणजे मुलांना तिची आणि तिला दुमडलेल्या पानांची सवय होईल.